आपलाच व्हिडिओ आपल्याच वाटेत

जूनमधली गोष्ट. ढोकीत पाऊस होऊन दोन आठवडे झाले होते. माझा मावसभाऊ शेतीचं एक छोटं यूट्यूब चॅनेल चालवतो. त्याला तेरकडच्या एका काकांचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, पण दुखावलेला होता.

‘‘तू सांगितलंस तसंच पेरलं बघ. अंतर तेवढंच, खोली तेवढीच. पण निम्मंच उगवलंय. बियाणं घरचं होतं. आधी तपासून घ्या, हे कामून नाही सांगितलंस?’’

‘‘अहो काका, त्याचा वेगळा व्हिडिओ आहे की माझा!’’

‘‘मला तर नाही दिसला.’’

संभाषण तिथंच संपलं. काकांना दुबार पेरणी करावी लागली. भाऊ मात्र रात्री मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. ‘‘ताई, तू मास कम्युनिकेशन शिकतेस ना? मग सांग, व्हिडिओ असून दिसत कसा नाही?’’

उत्तर शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. तुमचं स्वतःचं चॅनेल असेल, मग ते रेसिपीचं असो, गडकिल्ल्यांचं असो की एमपीएससीच्या तयारीचं, हा घोळ तुमच्याकडेही झालेला असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून ती दोन संध्याकाळची कहाणी इथं सविस्तर सांगते.

दोन व्हिडिओ, एकच पाटी

भावाचे दोन व्हिडिओ होते. पहिला दोन वर्षांपूर्वीचा. त्यात प्रत्यक्ष पेरणी आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, एकरी साधारण ३० किलो बियाणं. त्याचं टायटल होतं:

‘सोयाबीन पेरणी संपूर्ण माहिती | सोयाबीन पेरणी कशी करावी’

दुसरा गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला. त्यात घरचं बियाणं तपासायची पद्धत आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट ओलं राखायचं आणि आठवडाभरानं चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरण्याजोगं. कमी आले तर त्या प्रमाणात एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर ते बियाणं बाजूला ठेवायचं. याचं टायटल होतं:

‘सोयाबीन पेरणी आधी हे नक्की करा | सोयाबीन पेरणी संपूर्ण माहिती’

दोन्ही टायटल्स एकदा मोठ्यानं वाचून बघा. ‘सोयाबीन पेरणी संपूर्ण माहिती’ दोन्हीकडे आहे. दुसऱ्यात गोणपाट नाही, दाणे नाहीत, ‘उगवण’ हा शब्दसुद्धा नाही. दोन वेगळी दुकानं आणि दोन्हींवर एकच पाटी, असा प्रकार. गिऱ्हाईक ज्या दुकानात आधी शिरलं, तिथंच त्याचं काम संपलं.

भावाचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘अगं, लोक ‘सोयाबीन पेरणी’ असंच शोधतात. जास्त शोधला जाणारा शब्द दोन्हीत टाकला तर दोन्ही वर येतील ना?’’ हा हिशेब आपल्यापैकी बहुतेक जण करतात. तो का चुकतो, ते बघू.

यूट्यूब शिक्षा देत नाही, निवड करतं

या प्रकाराला डिजिटल मार्केटिंगवाले ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात. म्हणजे आपलाच घास आपणच खाणं. नाव भीतिदायक आहे आणि त्यातून एक गैरसमजही पसरलाय, की एकच शब्द दोन व्हिडिओंत वापरला तर यूट्यूब चॅनेलला शिक्षा करतं. तसं नाही. एकाच चॅनेलचे दोन-तीन व्हिडिओ एका सर्चमध्ये शेजारी शेजारी दिसू शकतात, आणि दोन्ही बघणाऱ्याच्या कामाचे असतील तर त्यात वाईट काहीच नाही.

अडचण दुसरीकडेच आहे. सर्चमध्ये काय वर दाखवायचं हे ठरवताना यूट्यूब मुख्यतः काही गोष्टी बघतं, आणि त्या ते जाहीरपणे सांगतं. टायटल, वर्णन आणि व्हिडिओतला मजकूर शोधलेल्या शब्दांशी किती जुळतो, आणि त्या शोधातून आलेल्या लोकांनी तो व्हिडिओ किती बघितला. आता भावाचे दोन्ही व्हिडिओ ‘सोयाबीन पेरणी’ला टायटलमध्ये सारखेच जुळतात. मग फरक उरला तो फक्त आधीच्या बघण्याचा. पहिल्या व्हिडिओकडे दोन वर्षांचा इतिहास आहे, दोन हंगामांतले प्रेक्षक आहेत. दुसरा त्याच्यामागं उभा राहतो.

यातून दोन नुकसानं होतात. पहिलं, ज्याला बियाणं तपासायचंय त्याला पेरणीचा व्हिडिओ दिसतो. दुसरं कमी लक्षात येतं. ज्याला पेरणीचं अंतर बघायचंय त्याला कधीकधी गोणपाटाचा व्हिडिओ दिसतो. तो उघडतो, अर्ध्या मिनिटात ‘हे नको होतं’ म्हणून मागं फिरतो. असे मागं फिरणारे साठले की त्या व्हिडिओबद्दलचं यूट्यूबचं मत आणखी खाली जातं. व्हिडिओ चांगला असूनही चुकीच्या माणसांसमोर गेल्यामुळं तो पडतो.

आणि आमच्या बाबतीत यात वेळेचाही प्रश्न होता. उगवण चाचणीला आठवडा लागतो. तो व्हिडिओ पेरणीच्या सकाळी दिसून काहीच उपयोग नाही. तो आठ दिवस आधी दिसायला हवा. हे काही एका काकांपुरतं नाही. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. म्हणजे दोन व्हिडिओंपैकी जास्त गरजेचा कोणता, तर मागं राहिलेला.

घोळ आहे की नाही, कसं ओळखायचं?

पहिल्या संध्याकाळी आम्ही टायटल्सना हात लावला नाही. आधी तपासलं. तुम्हीही तसंच करा, कारण नुसती टायटल्स सारखी दिसली म्हणून घोळ आहेच असं नाही.

कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर YouTube Studio उघडा. दोनपैकी एक व्हिडिओ निवडा, Analytics मध्ये जा, तिथं Reach बघा. प्रेक्षक कुठून आले याच्या यादीत YouTube search असतं. त्यावर गेलात की लोकांनी नेमकं काय टाइप करून तुमचा व्हिडिओ गाठला, ते शब्द दिसतात. दोन्ही व्हिडिओंची ही यादी वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. हो, वहीतच. स्क्रीनवर इकडून तिकडे उड्या मारताना लक्षात येत नाही ते कागदावर लगेच दिसतं.

आमच्या वहीत डावीकडे पेरणीचा व्हिडिओ, उजवीकडे उगवणीचा. दोन्ही रकान्यांत सगळ्यात वर एकच ओळ आली: ‘सोयाबीन पेरणी’. त्याखाली डावीकडे ‘सोयाबीन पेरणी अंतर’, ‘soyabean perni’ असे शब्द होते. ते बरोबरच होते. उजवीकडे मात्र खाली थोडेसेच, पण फार बोलके शब्द सापडले: ‘सोयाबीन उगवण क्षमता’, ‘घरचे सोयाबीन बियाणे’. टायटलमध्ये हे शब्द नसतानाही काही लोक शोधत शोधत तिथवर पोचले होते.

मग दुसरी गोष्ट बघितली. त्याच ठिकाणी Average view duration, म्हणजे लोकांनी सरासरी किती वेळ बघितलं, ते दिसतं. उगवणीच्या व्हिडिओवर ‘सोयाबीन पेरणी’ शोधून आलेले लोक मिनिटभरही थांबत नव्हते. ‘उगवण क्षमता’ शोधून आलेले मात्र गोणपाट उलगडेपर्यंत थांबत होते. व्हिडिओ तोच. बदललं होतं ते आलेल्या माणसाचं काम.

घोळाची खरी खूण हीच आहे. सामाईक शब्द असणं पुरेसं नाही. सामाईक शब्दानं आलेली माणसं एका व्हिडिओवर थांबतात आणि दुसऱ्यावरून पळतात, असं दिसलं तर टायटल वेगळं करायची वेळ आली. दोन्हीवर थांबत असतील तर काहीही बदलू नका.

तपासताना दोन गोष्टी सांभाळा. एक, चॅनेल लहान असेल तर ही यादी अपुरी येते. दोन-चार जणांनीच वापरलेले शब्द त्यात दिसतीलच असं नाही. म्हणून एका आठवड्याची नाही, निदान तीन महिन्यांची मुदत निवडा. दोन, स्वतःच्या मोबाईलवर शोधून ‘माझा तर पहिला येतो’ म्हणू नका. तुम्ही स्वतःचे व्हिडिओ शंभर वेळा बघितलेत, यूट्यूबला ते माहीत आहे. ब्राउझरच्या खासगी विंडोत, लॉगिन न करता शोधा, नाहीतर चॅनेल न बघणाऱ्या मित्राच्या फोनवर.

मावशीनं सोडवलेलं कोडं

दुसऱ्या संध्याकाळी टायटल्स लिहायला बसलो. भावानं पाच-सहा नमुने लिहिले. सगळ्यांत काही ना काही भर होती: ‘महत्त्वाची माहिती’, ‘१०० टक्के फायदा’, ‘शेतकऱ्यांनी नक्की बघा’. फरक मात्र पडत नव्हता, कारण हे शब्द कुठल्याही व्हिडिओला चालतात. जे शब्द दोन्ही टायटल्सना सारखेच शोभतात, ते वेगळं करायच्या कामाचे नसतात.

मावशी शेजारी लसूण निवडत बसली होती. आम्ही तिला दोन्ही व्हिडिओंत काय आहे ते सांगितलं आणि विचारलं, यांना काय नाव देऊ? ती म्हणाली, ‘‘एक पेरायच्या आधीचं, एक पेरायच्या दिवशीचं. तसंच लिही की. त्यात एवढं डोकं काय लावायचं?’’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही शब्द वेगळे करायचा प्रयत्न करत होतो. मावशीनं माणसाची वेळ वेगळी केली. एकच शेतकरी, एकच पीक, पण मे अखेरीस त्याच्यासमोर बियाण्याचं पोतं असतं आणि जूनमध्ये ओलं रान. दोन वेळांना त्याचे प्रश्न वेगळे असतात. व्हिडिओ बघायच्या क्षणी माणूस कुठं उभा आहे, हे लिहिलं की टायटल्स आपोआप फुटून निघतात.

मग ‘सोयाबीन पेरणी’ हा शब्द कुणाला द्यायचा, हा प्रश्नही सुटला. जो व्हिडिओ त्या शब्दाचं पूर्ण उत्तर देतो, त्याला. म्हणजे पहिल्याला. दुसऱ्यानं तो शब्द सोडायचा आणि स्वतःचा घ्यायचा. भावाला हे जिवावर आलं. ‘‘इतका शोधला जाणारा शब्द सोडून देऊ?’’ पण त्या शब्दानं आलेली माणसं त्या व्हिडिओवर थांबतच नव्हती. सोडण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच.

नवा शब्द कुठून आणायचा?

मनानं आणायचा नाही. वहीच्या उजव्या रकान्यात तो आधीच होता: ‘उगवण क्षमता’. मग आम्ही यूट्यूबच्या सर्चमध्ये ‘सोयाबीन बियाणे’ टाइप करून थांबलो आणि खाली कोणत्या सूचना येतात ते बघितलं. या सूचना लोक खरोखर काय शोधतात त्यावरून तयार होतात. त्यातून नेमकं लिहिण्यातलं रूप कळतं.

मराठीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण आपण एक बोलतो आणि दुसरंच टाइप करतो. आमच्याकडे ‘बियाणं’ म्हणतात, कीबोर्ड मात्र ‘बियाणे’ सुचवतो. कुणी ‘सोयाबीन’ लिहितं, कुणी ‘सोयाबिन’, तर कुणी सरळ रोमनमध्ये ‘soyabin’. कुठं ‘पेरणी’ म्हणतात, कुठं ‘लागवड’. ही सगळी रूपं टायटलमध्ये कोंबायची नाहीत. एक रूप टायटलमध्ये घ्या आणि बाकीची वर्णनात एका सरळ वाक्यात वापरा. चुकीच्या स्पेलिंगसाठी टॅग्जची जागा आहे, पण टॅग्जचा सर्चमधला वाटा फार थोडा असतो. टॅग्ज बदलून हा घोळ सुटत नाही.

शेवटी ठरलेली टायटल्स अशी:

पहिला: ‘सोयाबीन पेरणी कशी करावी? ओळींतलं अंतर, खोली आणि एकरी बियाणे’

दुसरा: ‘सोयाबीन बियाणे उगवण क्षमता चाचणी: पेरणीच्या ८ दिवस आधी १०० दाणे तपासा’

बघा, ‘सोयाबीन’ दोन्हीकडे आहे. दुसऱ्यात ‘पेरणी’ही आहे. तरी गोंधळ नाही. कारण शब्द सामाईक आहेत, प्रश्न सामाईक नाही. पहिला विचारतो ‘कसं पेरू?’, दुसरा विचारतो ‘हे बियाणं उगवेल का?’

लिहिताना दोन गोष्टी कळल्या. पहिली, वेगळेपण सुरुवातीला हवं. मोबाईलवर लांब टायटल पुढं कापलं जातं आणि तीन टिंबं येतात. जुन्या दोन्ही टायटल्सची सुरुवात ‘सोयाबीन पेरणी’नंच होती, त्यामुळं वेगळा भाग मागं राहायचा. आता दुसऱ्याच शब्दाला फाटा फुटतो: एकीकडे ‘पेरणी’, दुसरीकडे ‘बियाणे’.

दुसरी गोष्ट देवनागरीची. टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण ही मोजणी आपल्या डोळ्यांसारखी होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत ते तीन भरतं. आमचं दुसरं टायटल दिसायला छोटं आहे, पण मोकळ्या जागा धरून ते ६९ भरतं. म्हणून ‘संपूर्ण माहिती’सारखे पोकळ शब्द मराठीत जास्त महाग पडतात.

टायटल बदललं, काम संपलं नाही

टायटल वेगळं करून आत जुनंच ठेवलं तर निम्मंच काम होतं. दोन्ही व्हिडिओंच्या थंबनेलवर भाऊ हातात सोयाबीन धरून उभा होता. शर्टही तोच! आता पेरणीच्या व्हिडिओवर ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र आहे आणि उगवणीच्या व्हिडिओवर ओल्या गोणपाटावरचे कोंब. अक्षरं न वाचणाऱ्यालाही फरक कळतो.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी बदलल्या. आधी तिथं चॅनेलची ओळख होती, दोन्हीकडे तंतोतंत तीच. आता दुसऱ्याच्या पहिल्या ओळीत लिहिलंय की हा व्हिडिओ घरचं सोयाबीन बियाणं पेरण्याआधी तपासण्यासाठी आहे. दुसऱ्या व्हिडिओत शेवटी बीजप्रक्रियाही आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू संवर्धक. ती टायटलमध्ये घातली असती तर एका टायटलमध्ये दोन प्रश्न झाले असते. त्यासाठी वर्णनात वेळेच्या खुणा टाकून व्हिडिओचे भाग पाडले. पहिली खूण 00:00 ची लागते, निदान तीन खुणा लागतात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. यंदा बीजप्रक्रियेचा स्वतंत्र व्हिडिओ करायचा तर तो शब्द मोकळा ठेवलाय.

आणि सगळ्यात सोपं काम, जे इतके दिवस राहून गेलं होतं: दोन्ही व्हिडिओ एकमेकांना जोडणं. पेरणीच्या व्हिडिओखाली भावानं स्वतःची एक कमेंट पिन केली, ‘बियाणं घरचं असेल तर आधी हे बघा’, आणि पुढं लिंक. उगवणीच्या व्हिडिओच्या शेवटच्या २० सेकंदांत पेरणीचा व्हिडिओ दिसतो. काकांसारखा माणूस चुकीच्या दारात आला, तरी त्याला शेजारचं दार दिसेल.

दोन चुका टाळा. एक, कमी चालणारा व्हिडिओ रागानं डिलीट करू नका. त्याचे व्ह्यूज, कमेंट्स आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक सगळं जातं. आणि यूट्यूबवर जुन्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. दोन, चांगल्या चालणाऱ्या व्हिडिओचं टायटल आधी बदलू नका. आम्ही आधी फक्त दुसऱ्याचं बदललं. पहिल्याला तीन आठवड्यांनी हात लावला, तोही शेपटीलाच. सुरुवातीचे ‘सोयाबीन पेरणी’ तसेच ठेवले. दोन्ही एकाच दिवशी बदलले असते तर कशामुळं काय झालं हे कळलं नसतं.

आकडे बघताना हंगाम विसरू नका

आम्ही टायटल बदललं जुलैत. ऑगस्टमध्ये भाऊ आकडे घेऊन आला, तोंड पाडून. ‘‘ताई, दोन्ही पडले.’’ पडणारच. ऑगस्टमध्ये सोयाबीनची पेरणी कोण शोधतंय? तेव्हा लोक अळी आणि फवारणी शोधतात. हंगामी विषयात मागच्या महिन्याशी तुलना करणं ही स्वतःची फसवणूक आहे. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी. म्हणून टायटल बदलल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. यूट्यूब ती तुम्हाला आठवण करून देणार नाही.

ऑगस्टमध्येही एक गोष्ट मात्र बघता आली. एकूण आकडे थोडेच होते, पण उगवणीच्या व्हिडिओवर सर्चमधून जे काही लोक आले, त्यांचे शब्द बदलले होते. यादीत ‘उगवण क्षमता’ वर सरकलं होतं, ‘सोयाबीन पेरणी’ खाली. आणि जे आले ते थांबत होते. व्ह्यूज किती यापेक्षा शब्द कोणते आणि माणूस किती थांबला, हे आधी बघायचं. बाकीचं उत्तर पुढच्या मे-जूनमध्येच मिळेल. तुमचा विषय हंगामी असेल तर टायटल्सची ही साफसफाई हंगामाच्या महिनाभर आधी करा. आम्ही उशिरा केली.

प्रत्येक वेळी फाटा सारखा नसतो

सगळीकडे वेळेनंच वेगळं करता येईल असं नाही. पुरणपोळीचे दोन व्हिडिओ असतील तर फरक कदाचित माणसात असेल: एक पहिल्यांदा करणाऱ्यासाठी, दुसरा पुरण सैल झालं म्हणून अडकलेल्यासाठी. तेरवर दोन व्हिडिओ असतील तर एक संत गोरा कुंभारांच्या दर्शनाला निघालेल्या भाविकासाठी असेल, दुसरा लामतुरे संग्रहालयातल्या जुन्या वस्तू बघायच्या असणाऱ्यासाठी. दोघांवर ‘तेर संपूर्ण दर्शन’ लिहिलं की दोघंही अर्ध्यातून परत फिरतील.

बाजारभावाचं प्रकरण तर उलटंच. रोज ‘आजचे सोयाबीन भाव’ टाकणाऱ्या चॅनेलचे सगळे व्हिडिओ एकाच शब्दासाठी भांडतात आणि तिथं शब्द बदलून चालत नाही, लोक तोच शोधतात. अशा वेळी बाजारपेठेचं नाव आणि तारीख टायटलच्या सुरुवातीला आणायची, म्हणजे निदान जुना भाव कुणी आजचा समजणार नाही. लातूरचा परवाचा भाव बघून आज गाडी भरणाऱ्याचं नुकसान खरं असतं.

आणि कधीकधी दोन व्हिडिओंत खरोखरच काही फरक नसतो. दोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा सांगितलेली असते. तिथं टायटलची कसरत करू नका. जो जास्त बरोबर आणि ताजा आहे तो ठरवा आणि दुसऱ्याखाली पिन केलेल्या कमेंटमधून लोकांना तिकडे पाठवा. जुन्यातली माहिती चुकीची ठरली असेल तरच तो Unlisted करा. तो सर्चमध्ये येत नाही, पण आधी पाठवलेली लिंक चालू राहते.

तुमच्या चॅनेलवर आजच करता येईल अशी एक चाचणी आहे, तिला ना स्टुडिओ लागतो ना नेट. शंका असलेली दोन टायटल्स कागदावर लिहा आणि व्हिडिओ न बघितलेल्या माणसाला वाचून दाखवा. विचारा, कुठल्यात काय असेल? त्यानं दोन वेगळी उत्तरं दिली तर ठीक. ‘दोन्ही सारखेच वाटतात’ म्हणाला, तर सर्चमधून येणाऱ्यालाही तसंच वाटतंय.

भावानं तेरच्या काकांना नव्या टायटलसह उगवणीच्या व्हिडिओची लिंक पाठवली. त्यांचं उत्तर आलं, ‘आता नाव वाचूनच कळतंय. पुढच्या मे महिन्यात आठवण कर.’ भावानं फोनमध्ये २० मेचा गजर लावून ठेवलाय.